तांबड्या सांजेचा दोष

वेंगुर्ल्यात राहायचं आणि संध्याकाळी पश्चिमेकडे बघायचं नाही, हे सोपं काम नव्हे. गावाची सगळी उतरण त्या बाजूला. पण तुळसाने ते अकरा वर्षं निभावलं. हायस्कूलच्या प्रयोगशाळेतलं काम आटोपलं की ती किल्ली ऑफिसात द्यायची, पदर डोक्यावरून घ्यायची आणि खाली मान घालून शाळेमागच्या आपल्या खोलीत शिरायची. खोलीला एकच खिडकी होती, तीही पूर्वेला. खोली घेताना तिने भाडं विचारायच्या आधी खिडकीची दिशा विचारली होती, तेव्हा मालकीणबाईंना वाटलं, बाई धार्मिक दिसते, सूर्याला अर्घ्य द्यायचं असेल.

तुळसा मूळची वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला कोसभरावर असलेल्या गाबीतवाडी या मासेमारांच्या वस्तीतली. त्या वाडीत एक जुनी रीत होती. दर्यात जाण्याच्या आदल्या सांजेला, होडी ज्याची त्याच्या घरच्या बाईने पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, जाऊन सूर्य बुडताना बघायचा. आभाळ रोजच्यासारखं तांबूस झालं तर मुकाट्याने घरी यायचं. पण तांबडं रक्तासारखं गडद झालं आणि सूर्य गेल्यावरही रेंगाळलं, तर घरी येऊन कोपऱ्यातलं वल्हं उंबऱ्यावर आडवं ठेवायचं. आडवं वल्हं ओलांडून वाडीतला कोणी पुरुष पाण्यात गेला नव्हता. आता हे बघण्याचं काम बायकांकडेच का, असं कोणी विचारलं तर म्हातारे सांगत, पुरुष जाळ्याच्या कामात असतात म्हणून. माझ्या मते कारण वेगळं असावं. काही वाईट झालंच तर खापर फोडायला घरातलंच डोकं हाताशी असलेलं बरं.

सन बावन्नच्या आश्विनात तुळसा तेवीस वर्षांची होती आणि नवऱ्याशी तिचा अबोला चालू होता. तिचा नवरा बाबली दिसायला उंच, गळ्यात आवाज, आणि डोक्यात भलतंच काही शिरलं की शिरलं. त्याचा थोरला भाऊ महादू मुंबईला गोदीत होता. हंगाम संपला की आपणही गोदीत जायचं, असं बाबलीने ठरवून टाकलं आणि बायकोला सांगायचं राहूनच गेलं. तुळसाला ते विहिरीवर कळलं, शेजारणीकडून. नवरा मुंबईला जाणार याचं दुःख वेगळं, आणि ते गावाला आधी कळलं याचा अपमान वेगळा. चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. "आये, तेंका सांगा, भात वाढलाय," असं ती सासूला सांगे, आणि हौसाबाई मध्ये बसून दोघांचे निरोप इकडून तिकडे करीत मनातून हसत असे.

चौथ्या सांजेला तुळसा पुळणीवर गेली. सूर्य बुडाला आणि आभाळ पेटल्यासारखं लाल झालं. ते लवकर विझेना. ती घरी आली, कोपऱ्यातल्या वल्ह्याला तिने हातही लावला. त्याच वेळी पडवीत बाबली आईला मुंबईच्या गोष्टी सांगून हसवत होता. तुळसाने हात काढून घेतला. विचारू दे त्याला. आभाळ कसं होतं म्हणून एकदा विचारू दे, मग सांगेन. एवढंच तिच्या मनात आलं.

बाबलीने विचारलं नाही. वल्हं कोपऱ्यात उभं दिसलं, तेवढं त्याला पुरलं. पहाटे तो दोन गड्यांना घेऊन गेला. दुपारी दोनच्या सुमाराला सह्याद्रीच्या अंगाने काळंकुट्ट वादळ आलं, अर्धा तास धिंगाणा घालून समुद्राकडे निघून गेलं. दोन्ही गडी उलट्या होडीला धरून तरले. बाबली सापडला नाही.

आणि मग तुळसाने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. दहाव्याच्या रडारडीत, सगळ्या वाडीसमोर ती म्हणाली, "मी बघलेलंय. आभाळ वायट होतां. मी वल्हां घालूक नाय." कोणी विचारलं नव्हतं. न सांगती तर कोणाला कळतंही ना. पण तिला ते पोटात ठेवता आलं नाही.

हौसाबाईने तिला त्यानंतर उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. माहेरी भाऊ होता, पण भावजयीने दारातच पाण्याचा तांब्या देऊन वाट दाखवली. वाडीतल्या बायका बाजारात मासळी विकायला बसत, पण तुळसा जवळ आली की टोपल्या सरकवून घेत. शेवटी हायस्कूलचे विज्ञानाचे शिक्षक आरोंदेकर मास्तर यांनी हेडमास्तरांपाशी शब्द टाकला आणि प्रयोगशाळेत पाणी भरायला, काचेची भांडी धुवायला ती लागली. भांडी ती फार निगुतीने धुवायची. अकरा वर्षांत तिच्या हातून तीन परीक्षानळ्या फुटल्या. त्या तिन्ही तिला तारखेसकट आठवत. माणसाने चुका किती जपून ठेवाव्यात याला काही धरबंद असतो, पण तिला तो नव्हता.

तिला कोणी नव्हतं हे खरं. पण अगदीच कोणी नव्हतं असंही नाही. तिची ती चूक तिच्यासोबत होती. सकाळी चुलीपाशी बसली की बाबली पडवीत हसतोय आणि आपला हात वल्ह्यावर आहे, इथून तिचा दिवस सुरू होई. दुसऱ्या बाईला नवऱ्याचा फोटो असतो, तिला हे होतं.

त्रेसष्टच्या हिवाळ्यात आभाळाला काय झालं कोण जाणे. सूर्य बुडाला की रोज गडद लाल, त्यावर जांभळट झाक, आणि दिवेलागण उलटून गेली तरी ते विझायचं नाव नाही. बंदरावर माणसं जमून बघत उभी राहू लागली. गाबीतवाडीत घरोघर वल्ही आडवी पडली. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. सातव्या दिवशी पोटाने आकाशाला हरवलं, होड्या गेल्या आणि भरून परत आल्या. पुढे रोज जाऊ लागल्या, रोज येऊ लागल्या. आभाळ मात्र तसंच लाल.

वाडीने वल्ही पुन्हा कोपऱ्यात उभी केली आणि विषय संपवला. हौसाबाईचा संपला नाही. सत्तरीची म्हातारी रोज सांजेला पुळणीवर येऊन आभाळाकडे हात करून ओरडे, "हेच्यापेक्षा तांबडां होतां! आनी ती रांड गप रवली!" मासळीवाल्या बायकांनी हे बाजारात आणलं, आणि बाजारातून ते प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आलं. तुळसाने पूर्वेची खिडकीही लावून घेतली, कारण तो लाल उजेड समोरच्या भिंतीवर पडून आत येऊ लागला होता.

नववीच्या पोरांनी आरोंदेकर मास्तरांना भंडावून सोडलं की आभाळ असं का झालंय. मास्तर गृहस्थ उत्साही. त्यांनी तुळसाला सांगितलं, "ती मासे ठेवूची लांबोडकी काचपेटी घे, पाण्यान भर, आनी थोडां दूध घाल. खिडक्यांक काळे पडदे लाय."

तुळसाने पेटी भरली. थोडं म्हणजे किती हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं. शाळेचा प्रयोग आहे, आपल्याकडून कमी पडायला नको, म्हणून तिने तांब्याभर दूध ओतलं. मास्तरांनी पडदे ओढून एका टोकाला बॅटरी धरली, आणि पेटी नुसती पांढरीफटक उजळली. रंग नाही, काही नाही. पोरं हसली.

"गो तुळसा, ह्यो ढग केलंस!" मास्तरही हसले. मग पोरांकडे वळून पुस्तकी मराठीत म्हणाले, "पण हेही बघून ठेवा. कण इतके झाले की उजेड या कणावरून त्या कणावर शंभरदा आपटतो, सगळे रंग पुन्हा एकमेकांत मिसळतात, आणि आपल्याला पांढरं दिसतं."

पेटी पुन्हा भरली गेली. या वेळी मास्तरांनी स्वतः थेंब मोजून टाकले. तुळसा दाराशी पडदा धरून उभी होती, तिला उजेड आत येऊ द्यायचा नव्हता म्हणून तिथेच थांबावं लागलं. नाहीतर ती असले तमाशे बघायला थांबत नसे.

बॅटरी लागली. मास्तर म्हणाले, "पेटीच्या बाजूला उभं राहून बघा." पाण्यातून जाणारा उजेडाचा पट्टा बाजूने निळसर दिसत होता, धुरासारखा. "आता आडवं बघू." त्यांनी बॅटरी पेटीच्या रुंदीतून धरली. पलीकडे उजेड पांढराच आला, किंचित पिवळट. "आता लांबीतून बघा." पेटीच्या दुसऱ्या टोकाला पोरं एकेक करून वाकली. बॅटरीची काच नारिंगी दिसत होती. मास्तरांनी आणखी चार थेंब टाकले, आणि ती तांबडी झाली.

तीच बॅटरी, तेच पाणी. तुळसाच्या हातातला पडदा सुटला आणि पोरं ओरडली, तेव्हा तिने तो पुन्हा धरला.

मास्तर सांगत होते. सूर्याचा उजेड पांढरा दिसतो, पण त्यात सगळे रंग असतात. हवेचे स्वतःचे कण फार बारीक, दुधाच्या कणांहूनही कितीतरी बारीक. ते निळ्या उजेडाला जास्त उडवून लावतात, तांबड्याला फार कमी. दुपारी सूर्य डोक्यावर असतो, उजेडाला हवेतून थोडीच वाट कापायची असते. वाटेत उडालेला निळा चारी बाजूंनी आपल्या डोळ्यांत येतो, म्हणून आभाळ निळं. सांजेला तोच उजेड तिरका येतो, तीस-पस्तीस पट हवा तुडवत येतो. वाटेत निळा जवळजवळ सगळा सांडून जातो. आपल्यापर्यंत पोचतो तो उरलेला, नारिंगी आणि तांबडा. यंदा लाल जास्त का? तर पूर्वेकडच्या बेटांवर ज्वालामुखी फुटला होता, तिथली बारीक धूळ फार उंच जाऊन राहिली आहे. ती इतकी उंच आहे की आपल्याकडे सूर्य बुडाला तरी तिच्यावर त्याचं ऊन पडतंच, म्हणून ते विझायला वेळ लागतो.

तास सुटला, पोरं गेली. तुळसाने पेटी रिकामी केली नाही. ती म्हणाली, "मास्तरांनू, एक इचारू?"

"इचार गो."

"तो सांडलेलो निळो खंय जाता?"

मास्तरांना हा प्रश्न कोणा पोराने विचारला नव्हता. ते खुर्चीत बसले. "पच्छिमेक मस्कत, एडन, तेच्याही पलीकडे जी माणसां आसत, तेंच्या आभाळात. आपली सांज होता तेवा थंय अजून दिवस आसता. आपल्या उजेडातलो निळो तेंच्या वांट्याक जाता."

"म्हंजे तांबड्या आभाळात फुडच्या दिवसाचां कायच नसता?"

आता मास्तरांच्या लक्षात आलं. तुळसाची गोष्ट गावात कोणाला माहीत नव्हती? त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आभाळ बघान कायच कळना नाय, असां मी म्हणणंय नाय. ढग, वारो, लाट बघूकच व्हयी. पण नुसत्या तांबड्यात फुडचां नसता गो. मागचां असता. उजेड खंयसून इलो, किती वाट चललो आनी वाटेत काय गमावल्यान, इतक्यांच." त्यांनी विचारलं, "त्या दिवशी वादळ खंयसून इलेलां?"

"उगवतीसून. डोंगराच्या आंगासून. दोन वाजले होते."

"आनी तू बघलेलंस खंय?"

"मावळतीक."

"मगे? मावळतीचो उजेड उगवतीच्या वादळाची खबर कशी हाडतलो? तां वादळ तुझ्या सांजेक जन्माकसुद्धा इलां नव्हतां." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "त्या दिवशी आनीक होड्यो गेलेल्यो?"

"दोन."

"इल्यो परत?"

"इल्यो."

"तेंच्या घरच्या बायकांनी आभाळ खंयचां बघलेलां?"

 आभाळ तेच होतं. त्या दोघींना ते रोजच्यासारखं वाटलं होतं, आणि त्यांचे नवरे परत आले म्हणून कोणी त्यांना विचारलंही नव्हतं. अकरा वर्षांत हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"तुझी चूक नव्हती गो," मास्तर म्हणाले. "जा, घरी जा आज. भांडी उद्यां धुय."

त्या संध्याकाळी तुळसा बंदरावर गेली. लोकांमध्ये उभी राहून तिने सूर्य बुडताना बघितला, सगळा. छान होतं. एवढं छान काहीतरी इतकी वर्षं रोज घडत होतं आणि आपण खाली मान घालून घरी जात होतो, याचं तिला रडू आलं. पण खोलीवर आल्यावर तिला वेगळंच काही वाटू लागलं, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही. सकाळी चुलीपाशी बसल्यावर वल्ह्यावरचा हात आठवायला गेली, तर तो नुसता एका लाकडावरचा हात होता. बाबली पडवीत हसत होता खरा, पण तिच्यावाचून हसत होता. तिची चूक असती तर त्याच्या मरणात तिला जागा होती. आता ते डोंगराकडून आलेलं वादळ आणि तो, इतकंच उरलं होतं. तुळसा तिथे नव्हतीच. खोलीत तिला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

हे कोणाला सांगायचं? जगात एकच माणूस होतं ज्याला बाबली आठवत होता. रविवारी सकाळी ती गाबीतवाडीला चालत गेली.

हौसाबाई पडवीत सुपात सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी, निवडत होती. महादूचे मुंबईहून पैसे यायचे, पण माणूस कोणी यायचं नाही. कोंबड्या आणि ती. डोळ्यांवर हात धरून तिने विचारलं, "कोण गो?"

"मी. तुळसा."

"माझ्या दारात कित्याक इलंस?"

"आये, एक सांगूक इलंय. सांगतंय आनी जातंय." तुळसा अंगणातच उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. काचपेटी, दुधाचे थेंब, लांबीतून तांबडी दिसणारी बॅटरी, मस्कतच्या लोकांना मिळालेला निळा रंग. वादळ उगवतीचं आणि आभाळ मावळतीचं. परत आलेल्या दोन होड्या. मास्तरांइतकं तिला नीट सांगता आलं नाही, पण बरंचसं आलं. "तांबड्यात कायच नव्हतां, आये. नुसतो लांबसून इलेलो उजेड होतो."

म्हातारीचे हात थांबले. तिला सगळं समजलं होतं, कारण ती मूर्ख कधीच नव्हती.

"मगे माझो झील गेलो कित्याक?"

"वादळ इलां म्हणान."

"वादळ दर वर्साक येता. तोच कित्याक?"

 याचं उत्तर मास्तरांच्या काचपेटीत नव्हतं.

"कोणाची तरी चूक होवक व्हयी गो," हौसाबाई म्हणाली.  "कोणाचीच नाय? मगे अकरा वर्सां मी कोणाक शिव्या घातलंय? रोज उठान मी काय केलंय?" ती सुपाकडे बघू लागली, जणू त्यात काही हरवलं होतं. तिच्या हनुवटीला कंप सुटला.

तुळसाने तो कंप ओळखला. गेले तीन दिवस तिच्या स्वतःच्या हनुवटीला तोच सुटत होता. पण ती चौतीस वर्षांची होती, तिला प्रयोगशाळा होती, पोरं होती, एखादा प्रश्न विचारला तर उत्तर देणारे मास्तर होते. या बाईला सकाळी उठायला एवढं एकच कारण होतं, आणि ते आपण चांगल्या मनाने, पायी चालत येऊन, हिरावून घ्यायला निघालो होतो.

ती पडवीच्या पायरीवर बसली. "माझीच चूक, आये," ती म्हणाली. "मास्तर शिकलेलो माणूस, तेका दर्या काय म्हायत? मी बघलेलंय. मी बोललंय नाय."

हौसाबाईने मान वर केली. क्षणभर ती सुनेकडे बघत राहिली. तिला खरं काय ते पटलं होतं का, हे तुळसाला कधी कळलं नाही. मग म्हातारीने श्वास घेतला आणि सुरुवात केली. सुनेचं कूळ काढलं, माहेर काढलं, तो चार दिवसांचा अबोला काढला, भावजयीलाही सोडलं नाही. बोलता बोलता बाबलीचं लहानपण निघालं, त्याने पाचव्या वर्षी खेकडा पकडला होता तो निघाला, त्याचं हसणं निघालं. तुळसा सुपातली सुंगटं निवडत ऐकत राहिली. दुपार झाली तेव्हा म्हातारीचा घसा बसला होता आणि ती तरतरीत दिसत होती.

ती वाडीत गेल्याचं बाजारातून मास्तरांच्या कानावर आलं होतं; सोमवारी त्यांनी विचारलं, "सांगलंस काय गो सासयेक?"

"सांगलंय," तुळसा म्हणाली आणि भांडी धुवायला बसली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा वाडीत गेली. त्याच्या पुढच्याही. हौसाबाई मरेपर्यंत, म्हणजे चार वर्षं, दर रविवारी ती कोसभर चालत जाऊन शिव्या खाऊन येत असे.